बेरजेतली चूक आणि सुधारित हिशेब: मुलुंडच्या एका सोसायटीच्या उत्सव समितीचे प्रकरण

मुलुंड पूर्वेतील 64 सदनिकांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत 2025 चा गणेशोत्सव 27 ते 31 ऑगस्ट असा पाच दिवस साजरा झाला. व्यवस्थापक समितीने नेमलेल्या उत्सव समितीने विसर्जनानंतर जमाखर्चाचे एक पानी पत्रक तयार केले आणि रविवार, 7 सप्टेंबर रोजी ते लिफ्टशेजारच्या सूचना फलकावर लावले. पत्रकात एकूण जमा 1,25,260 रुपये, एकूण खर्च 1,06,780 रुपये आणि शिल्लक 18,480 रुपये दाखवली होती. त्याच आठवड्यात एका निवृत्त सभासदांनी फलकासमोर उभे राहून खर्चाच्या आठ रकमा वहीच्या कागदावर उतरवून घेतल्या आणि त्यांची बेरीज केली. ती 1,20,780 आली, म्हणजे छापील बेरजेपेक्षा बरोबर 14,000 रुपये जास्त. तो कागद त्यांनी ग्रुपवर न टाकता थेट संस्थेच्या खजिनदारांकडे दिला. पुढचे सगळे नीट पार पडले याचे निम्मे श्रेय मी या एका गोष्टीला देतो.

खजिनदारांनी पुढच्या दहा दिवसांत काय तपासले, सभासदांपुढे ठेवलेल्या टिपणात काय लिहिले आणि काय मुद्दाम लिहिले नाही, हे येथे मांडायचे आहे. हिशेबातली बेरीज दुरुस्त करायला पाच मिनिटे पुरतात. दुरुस्त बेरीज आणि प्रत्यक्षात हाती असलेले पैसे जुळतात, हे दाखवायला मात्र बराच अधिक वेळ लागतो, आणि सभासदांना खरे उत्तर हवे असते ते या दुसऱ्या प्रश्नाचे.

आधी चूक झाली कशी, ते पाहू. पत्रक एक्सेलमध्ये केलेले होते. खर्चाच्या सात बाबी पाचव्या ते अकराव्या ओळीत होत्या आणि त्यांच्या खाली बेरजेचे सूत्र होते. विसर्जनाच्या मिरवणुकीचा टेम्पो आणि ढोल-ताशा पथक यांचे 14,000 रुपये 31 ऑगस्टच्या रात्री चुकते झाले, त्यामुळे ती बाब सर्वांत शेवटी आली. पत्रक करणाऱ्या सभासदाने बेरजेच्या वर एक नवी ओळ घालून ती रक्कम नोंदवली, पण सूत्राची हद्द जुनीच राहिली. बेरजेच्या चौकटीवर टिचकी मारली तेव्हा वरच्या पट्टीत हे दिसले:

```
=SUM(C5:C11)
```

मिरवणुकीची रक्कम `C12` मध्ये होती. कागदावर ती आठवी बाब म्हणून व्यवस्थित छापलेली होती, कोणी ती लपवलेली नव्हती, फक्त बेरजेत धरली गेली नव्हती. या प्रकारच्या चुकीची ओळख सोपी असते: फरकाची रक्कम यादीतल्या एखाद्या बाबीशी रुपयाला रुपया जुळते. तशी जुळली की सूत्राची हद्द पाहावी. आणि हद्द बरोबर असेल, तर ती रक्कम चौकटीत आकडा म्हणून न बसता मजकूर म्हणून तर बसलेली नाही ना, हे पाहावे. अशी रक्कम सहसा चौकटीत डावीकडे सरकलेली दिसते आणि बेरजेतून ती मुकाट्याने वगळली जाते.

येथे थांबण्याचा मोह मोठा होता. सूत्रात 11 च्या जागी 12 केले की खर्च 1,20,780 आणि शिल्लक 4,480 होते. नवे पत्रक छापून लावले की विषय संपला, असे उत्सव समितीतील काही जणांचे म्हणणे होते. खजिनदारांनी ते मानले नाही, आणि त्यांचे कारण मला पूर्णपणे पटते. मूळ पत्रकातली शिल्लक कोणी मोजलेली नव्हती. जमेतून खर्च वजा करून जे उरले ते शिल्लक म्हणून लिहिले होते. वजाबाकीतून काढलेली शिल्लक खर्चाच्या बेरजेतली प्रत्येक चूक निमूटपणे पोटात घेते, आणि पत्रकाच्या दोन्ही बाजू तरीही समान दिसतात. म्हणूनच एवढी मोठी चूक पत्रकावर सह्या करणाऱ्या तिघांपैकी कोणाच्याही लक्षात आली नाही. नवी शिल्लक पुन्हा वजाबाकीनेच काढली, तर तिच्यावर पहिलीपेक्षा जास्त विश्वास ठेवायला आधार कोणता?

म्हणून खजिनदारांनी उत्सव समितीचे निमंत्रक आणि ज्यांनी चूक दाखवली ते सभासद, अशा दोघांना सोबत घेऊन प्रत्यक्ष शिल्लक मोजली. उत्सवासाठी संस्थेचे वेगळे बचत खाते आहे. पासबुकात 15 सप्टेंबरला 9,210 रुपये दिसत होते. मंडपवाल्याला शेवटच्या हप्त्यापोटी दिलेला 5,000 रुपयांचा धनादेश त्याने अजून बँकेत भरलेला नव्हता. तो खर्चात आधीच धरलेला होता, त्यामुळे बँकेतली खरी शिल्लक 4,210 ठरली. निमंत्रकांकडच्या पेटीतील नोटा तिघांसमोर मोजल्या, त्या 1,170 रुपयांच्या निघाल्या. एकूण 5,380 रुपये. दुरुस्त केलेला कागद 4,480 म्हणत होता. म्हणजे हाती 900 रुपये जास्त होते.

पैसे कमी पडले असते तर सगळेच धावपळ करते. जास्त निघाले की बहुतेक ठिकाणी ते ‘किरकोळ जमा’ म्हणून एका ओळीत घालून विषय मिटवला जातो. ही सवय धोक्याची आहे, कारण जास्त निघालेले पैसे ही देखील कुठेतरी चुकीची नोंद असल्याचीच खूण असते, आणि कोणाची तरी वर्गणी जमा होऊनही पावतीविना राहिली असण्याची शक्यता तिच्यात असते. त्यामुळे आधी जमेची बाजू तपासली गेली. पावती पुस्तकाच्या 68 स्थळप्रती क्रमाने पाहिल्या. 58 पावत्या प्रत्येकी 1,500 रुपये वर्गणीच्या होत्या, 9 पावत्या मिळून 16,500 रुपये देणगीच्या होत्या आणि एक पावती रद्द केलेली होती. रद्द पावतीचे दोन्ही भाग पुस्तकातच टाचलेले असल्याने तिच्याबद्दल शंका उरली नाही. दानपेटीचे 9,340 रुपये विसर्जनाच्या दिवशी दोन सभासदांसमोर मोजून सही केलेल्या चिठ्ठीशी जुळले. मागील वर्षाची 12,420 ची शिल्लक गेल्या वर्षीच्या पत्रकाशी आणि त्या वेळच्या पासबुकाशीही जुळली. जमा 1,25,260 पक्की झाली.

मग फरक खर्चात असणार. येथे खजिनदारांनी वापरलेली पद्धत जुन्या कारकुनांना पाठ असते. नव्यांना ती सांगावी लागते. फरकाएवढी एखादी स्वतंत्र नोंद आहे का, हे आधी पाहतात. 900 रुपयांची नोंद कुठेच नव्हती. नंतर फरकाच्या निम्म्या रकमेची, येथे 450 ची, एखादी नोंद जमेऐवजी खर्चात किंवा खर्चाऐवजी जमेत गेली आहे का, ते पाहतात, तीही नव्हती. तिसरी खूण अशी, की फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर एखाद्या रकमेतले शेजारचे दोन अंक लिहिताना उलटेपालटे झालेले असू शकतात. 900 ला 9 ने भाग जातो, आणि भागाकार 100 येतो, म्हणजे अदलाबदल बहुधा हजाराच्या आणि शेकड्याच्या अंकांत झालेली. आठ बाबींमध्ये अशी अदलाबदल करून 900 ने कमी होणारी रक्कम शोधायची होती. पूजा साहित्याच्या बाबीत 9,850 लिहिलेले होते. कीर्दीत त्या बाबीखाली तीन व्हाउचर होती: दादरच्या बाजारातून आणलेल्या फुलांचे 3,400, पूजा साहित्याचे 2,450 आणि गुरुजींच्या दक्षिणेचे 3,100. त्यांची बेरीज 8,950. कीर्दीत आकडा बरोबर होता. एक्सेलमध्ये उतरवताना 8 आणि 9 ची जागा बदलली होती.

नऊचा हा नियम फक्त कुठे पाहायचे ते सांगतो, तो पुरावा नव्हे. 900 रुपयांची एखादी वर्गणी नोंदवायची राहिली असती तरी फरकाला 9 ने भाग गेलाच असता. व्हाउचर हाती येईपर्यंत खजिनदारांनी पूजा साहित्याचा आकडा बदलला नाही, हे म्हणूनच महत्त्वाचे.

कामाचा क्रमही येथे निर्णायक ठरला. समजा कोणी बेरजेची चूक सुटी न करता फलकावरची 18,480 ची शिल्लक थेट हातातल्या 5,380 शी ताडून पाहिली असती, तर फरक 13,100 आला असता. ही रक्कम कोणत्याही एका बाबीशी जुळत नाही आणि तिला 9 ने भागही जात नाही. दोन वेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्या की दोघींच्याही खुणा पुसल्या जातात. आधी कागदावरच्या कागदावर तपासता येणारी बेरीज पक्की केली आणि मगच कागद पैशांशी ताडला, म्हणून दुसरी चूक एकटी आणि ओळखू येईल अशी समोर आली.

यानंतर टिपण लिहायचे होते, आणि त्याला घाईचे कारण होते. 18,480 रुपये शिल्लक आहेत असे समजून उत्सव समितीने त्यांपैकी 10,000 रुपये नवरात्रातल्या भोंडल्यासाठी आणि गरब्यासाठी वापरायचे ठरवले होते, आणि घटस्थापना 22 सप्टेंबरला होती. संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याप्रमाणे 30 सप्टेंबरपूर्वी व्हायची होतीच, तरी या हिशेबाचा विषय तिच्यात घालणे योग्य नव्हते, कारण ती सभा 31 मार्च 2025 रोजी संपलेल्या वर्षाच्या लेखापरीक्षित हिशेबांसाठी असते आणि हा उत्सव त्यानंतरच्या वर्षातला. खजिनदारांनी शनिवार, 20 सप्टेंबरला सभासदांची स्वतंत्र बैठक बोलावली आणि टिपण दोन दिवस आधी प्रत्येक घरी दिले. त्याचा मुख्य भाग असा होता:

“सन्माननीय सभासद,

उत्सव समितीने 7 सप्टेंबर रोजी लावलेल्या जमाखर्चाच्या पत्रकात दोन चुका असल्याचे तपासणीत आढळले आहे. पहिली चूक खर्चाच्या बेरजेतील असून विसर्जन मिरवणुकीचा 14,000 रुपयांचा खर्च पत्रकात नमूद असूनही बेरजेत धरला गेला नव्हता. ही चूक एका सभासदांनी निदर्शनास आणली. दुसरी चूक पूजा साहित्याच्या रकमेतील असून 8,950 रुपयांऐवजी 9,850 रुपये लिहिले गेले होते. ती प्रत्यक्ष शिल्लक मोजताना आढळली. जमेच्या बाजूच्या कोणत्याही रकमेत बदल नाही.

| बाब | आधीच्या पत्रकात | सुधारित |
|---|---|---|
| एकूण जमा | 1,25,260 | 1,25,260 |
| पूजा साहित्य | 9,850 | 8,950 |
| एकूण खर्च | 1,06,780 | 1,19,880 |
| शिल्लक | 18,480 | 5,380 |

सुधारित शिल्लक 5,380 रुपये ही बँकेतील 4,210 रुपये (पासबुकातील 9,210 मधून न वटलेला 5,000 रुपयांचा धनादेश वजा करून) आणि रोख 1,170 रुपये यांच्या बेरजेइतकी आहे. रोख रक्कम 15 सप्टेंबर रोजी तीन जणांसमोर मोजण्यात आली असून त्याचा सह्यांचा कागद सोबत जोडला आहे. उत्सवाच्या निधीतून कोणतीही रक्कम कमी झालेली नाही. आधीच्या पत्रकातील शिल्लक प्रत्यक्षात कधीही हाती नव्हती, त्यामुळे तिच्या आधारे नवरात्रासाठी ठरवलेल्या 10,000 रुपयांच्या खर्चाचा सभासदांनी फेरविचार करावा, अशी विनंती आहे. सर्व व्हाउचर, कीर्द, पावती पुस्तक आणि पासबुक शुक्रवारी सायंकाळी 7 ते 9 या वेळेत संस्थेच्या कार्यालयात पाहता येतील.”

या टिपणातल्या दोन-तीन गोष्टींवर थांबायला हवे. आधीचा आणि सुधारित आकडा शेजारी शेजारी ठेवले आहेत. नुसते नवे पत्रक लावले असते, तर ज्यांनी आधीचे पाहिले होते त्यांना काय बदलले ते स्वतः शोधावे लागले असते, आणि न सापडलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मनात शंका राहिली असती. त्याच कारणाने फलकावरचे जुने पत्रक फाडून टाकले नाही. त्यावर एक तिरकी रेघ मारून ‘रद्द, सुधारित पत्रक पाहावे’ असे लिहून खजिनदारांनी तारखेसह सही केली आणि ते फाइलमध्ये ठेवले. ग्रुपवर पाठवलेली जुनी प्रतही पुसली नाही. हिशेबात आकडा खाडाखोड करून बदलायचा नाही, हा नियम हाताने लिहिलेल्या कीर्दीइतकाच मोबाईलवरच्या कागदालाही लागू होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

टिपणात पत्रक तयार करणाऱ्याचे नाव नाही. ही भीड नव्हे. पत्रकावर तीन सह्या होत्या आणि तिघांनीही बेरीज तपासली नव्हती, त्यामुळे एकट्याचे नाव घेणे वस्तुस्थितीला धरूनही झाले नसते. वर्गणी न दिलेल्या 6 सदनिकांचाही उल्लेख नाही. वर्गणी ऐच्छिक आहे, ती मासिक देखभाल शुल्कात मिळवून सक्तीने घेता येत नाही. दुरुस्तीच्या टिपणात अशी यादी घातली असती तर बेरजेचा विषय बाजूला पडून भांडण भलत्याच गोष्टीवर गेले असते. समितीतल्या एकाने ती यादी जोडावी असे सुचवले होते. खजिनदारांनी ठाम नकार दिला, आणि ते बरोबरच केले.

बैठकीत पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला: “मग चौदा हजार गेले कुठे?” खजिनदारांनी मूळ पत्रक हातात धरून आठव्या ओळीवर बोट ठेवले. पैसे 31 ऑगस्टलाच टेम्पोवाल्याला आणि पथकाला दिले होते, त्यांच्या सहीच्या पावत्या जोडलेल्या होत्या, आणि बँकेच्या पासबुकात त्याच तारखेला ती रक्कम वजा झालेली होती. एका वहिनींनी विचारले, “पूजेत नऊशे वाचले, ते आता कुणाकडे आहेत?” त्याचे उत्तर शांतपणे द्यावे लागले: ते कधी खर्चच झाले नव्हते, कागदावर खर्च दाखवले गेले होते, आणि ते आजही मोजलेल्या 5,380 मध्येच आहेत. ज्याला हिशेबाची सवय नाही त्याच्या दृष्टीने कागदावरचा बदल म्हणजे पैशाची हालचाल असते. तसे नाही हे प्रत्येक रकमेसाठी वेगळे सांगावे लागते, एकदाच ढोबळपणे सांगून भागत नाही.

तिसरा प्रश्न जास्त खोल होता. आता हिशेब जुळला म्हणजे सगळे बरोबर आहे असे समजायचे का, असे एका तरुण सभासदाने विचारले. खजिनदारांनी यावर जे सांगितले ते टिपणात असते तर अधिक चांगले झाले असते. कागद आणि पैसे जुळले यातून एवढेच सिद्ध होते, की नोंदलेली जमा आणि नोंदलेला खर्च यांचा परिणाम हाती असलेल्या रकमेइतका आहे. महाप्रसादाचा 31,600 रुपये हा दर वाजवी होता की नाही, हे त्यातून कळत नाही. समान रकमेची एक जमा आणि एक खर्च दोन्ही नोंदवायचे राहिले असतील, तर तेही या ताळमेळात दिसत नाही. किरकोळ खर्चाच्या 2,150 पैकी 640 रुपयांना दुकानाचे बिल नव्हते, फक्त खर्च करणाऱ्याची सही केलेली चिठ्ठी होती. ही गोष्टही त्यांनी स्वतःहून सांगितली. न विचारता सांगितलेल्या या एका त्रुटीमुळे बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसायला मदत झाली, असे मला वाटते.

बैठकीने सुधारित हिशेब मंजूर केला. नवरात्रासाठी उत्सव निधीतून 10,000 रुपये घेण्याचा विचार रद्द झाला. भोंडला आवारातच, स्पीकर भाड्याने न आणता करायचा आणि गरब्यात भाग घेणाऱ्यांनी त्या दिवसांसाठी वेगळी वर्गणी काढायची, असे ठरले. 5,380 रुपये पुढील वर्षासाठी जमा राहिले. उत्सव समितीच्या पत्रकाचा नमुनाही बदलला: शिल्लक आता दोन ओळींत लिहायची, एकीत जमेतून खर्च वजा करून आलेली आणि दुसरीत बँक व रोख मोजून आलेली, आणि त्यांच्या खाली फरकाची तिसरी ओळ. त्या ओळीत शून्याशिवाय दुसरे काही असेल तर पत्रकावर सही करायची नाही, असे इतिवृत्तात नोंदवले आहे.